व्हिडिओच्या लांबीत पेटीचं रेकॉर्डिंग नेमकं कसं बसवायचं? (ऑडॅसिटी, म्युझस्कोअर वगैरे)

रेवती_सातारा

नमस्कार मंडळी. आमच्या वाड्यातल्या मुलांनी बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद वापरून आकाशकंदील केला. त्याचा मी व्हिडिओ जोडलाय, बरोबर १ मिनिट ३४ सेकंदांचा. त्याला पार्श्वसंगीत म्हणून आईची पेटी हवी आहे. आईने स्वतः बांधलेली छोटीशी धून आहे, केरव्यात. शेजारच्या काकांनी तबला धरला आणि मी फोनवर रेकॉर्ड केलं. ते भरलं ३९ सेकंद.

आता आईचं मनगट दुखतं, त्यामुळे "आई, जरा दीड मिनिट वाजव ना" असं म्हणायची सोय नाही. आहे तेच पुरवायचंय. मी ऑडॅसिटीत तो तुकडा तीनदा चिकटवला आणि १:३४ ला कापून आवाज हळूहळू उतरवला. ऐकायला फार वाईट लागतंय. प्रत्येक जोडाला धक्का बसतो, आणि कंदील पेटतो त्या क्षणी (१:२७ ला) धून कुठेतरी मध्येच लोंबकळत असते. सॉफ्टवेअर फुकटचंच वापरायचंय. कुणी हे केलंय का?

पांथस्थ

यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं. सणासुदीचं शोधा, दीड मिनिटाचे तुकडेही असतात. कॉपीराइटचा त्रासही होत नाही.

रेवती_सातारा

@पांथस्थ, धन्यवाद, पण मला आईचीच पेटी हवी आहे. तिने स्वतः बांधलेली धून आहे, त्यामुळे हक्काचा प्रश्न तसाही नाही.

विक्रांत७८

धक्का बसतो कारण तुम्ही लाट मध्येच कापताय. निवड केली की `Z` दाबा. कापायची जागा आपोआप शून्यरेषेवर सरकते. मग जोड ऐकू येत नाही. लांबीचं म्हणाल तर `Change Tempo` मध्ये किती सेकंदांचं किती सेकंद करायचं ते थेट लिहिता येतं. तीनदा चिकटवा, ११७ सेकंद होतील, तिथे ९४ लिहा. संपला विषय.

तबलजी

११७ चे ९४? म्हणजे लय सव्वापट. केरवा पळायला लागेल हो. आणि रेवती, एक विचारतो बाळ. तीनदा चिकटवलंस म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळंच तीनदा? शेवटी तिहाई असेल तर ती सुद्धा तीनदा आली असणार. ऐकणाऱ्याला वाटतं झालं, संपलं, आणि पुन्हा सुरू. तोच तुझा धक्का.

रेवती_सातारा

@तबलजी काका, हो! अगदी असंच होतंय. शेवटी तिहाई आहे आणि मग आई सूर धरून ठेवते.

मंजिरी

मी माहितीपटांच्या ध्वनीचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तबलजी म्हणतात ते बरोबर आहे. विक्रांत यांचा `Z` उपयोगी आहे, पण त्याने फक्त 'टक्' असा बारीक आवाज जातो. जोडाच्या अलीकडे पेटीचा पंचम वाजतोय आणि पलीकडे षड्ज, किंवा अलीकडे डग्ग्याची आस शिल्लक आहे आणि पलीकडे ती एकदम गायब, तर शून्यरेषेवर कापूनही कान अडखळणारच. शिवाय रेकॉर्डिंग स्टिरिओ असेल तर डाव्या आणि उजव्या बाजूची लाट एकाच क्षणी शून्यावर येईल असं नाही.

रेवती, तू सुरुवातीपासून भरत गेलीस आणि उरलं ते शेवटी कापलंस. हे उलटं कर. तुझ्या व्हिडिओत हलवता न येणारी जागा एकच आहे, १:२७. तिहाईनंतरची सम तिथे यायला हवी. ती आधी तिथे ठेव, मग मागे मागे येत मधली जागा भर. आणि भरताना सेकंद मोजू नकोस, आवर्तनं मोज. लूप समेपासून समेपर्यंतच.

त्यासाठी एकदा मोजणी लागेल. ऑडॅसिटीत वाजवत जा आणि प्रत्येक समेला `Ctrl+M` दाब, तिथे खूण पडते. बोट जरा उशिरा पडतं, म्हणून नंतर मोठं करून बघ. 'धा'चा ठोका लाटेत भिंतीसारखा उभा दिसतो, खूण त्याच्या पायाशी आणून ठेव. मग इथे सांग: तबला सुरू होण्याआधी किती सेकंद, आवर्तनं किती, एक सरासरी किती सेकंदांचं, आणि शेवटच्या समेनंतर सूर किती टिकतो.

अबोली

मला वाटलं स्कोअर म्हणजे स्वरलिपी लिहिण्याबद्दल धागा आहे, म्हणून उघडला. तरी माझं सांगते, कदाचित इतर कुणाच्या कामाला येईल.

मी शाळेत संगीत शिकवते. बालवाडीच्या फोटोंची चित्रफीत होती, ६५ सेकंदांची. तिला म्युझस्कोअरमध्ये अंगाईसारखी धून लिहिली, तीन-तीन मात्रांची. तिथे मजा अशी की लय आपल्याच हातात असते. मला शेवटचा सूर ६० व्या सेकंदाला हवा होता आणि मग पाच सेकंद तो विरायला. शेवटच्या सुराआधी २४ घरं, म्हणजे ७२ मात्रा. ७२ मात्रा ६० सेकंदांत, म्हणून लय मिनिटाला ७२. इतकं सोपं निघालं.

पण मग हौसेने शेवटच्या चार घरांत लय उतरवली आणि शेवटचा सूर दोन सेकंद उशिरा आला! ते सावरायला अर्धा दिवस गेला. शेवटी उतरती लय फक्त शेवटच्या एका घरात ठेवली, आणि तिथे जेवढा वेळ जास्त गेला तेवढा आधीच्या लयीतून काढला. लयीचा आकडा अपूर्णांकात लिहिला तरी म्युझस्कोअर घेतं, त्यामुळे जमलं.

टर्मिनलभाऊ

आधी व्हिडिओची खरी लांबी बघा. प्लेअरमध्ये १:३४ दिसतं, तेव्हा ती ९४.० असेल किंवा ९४.९ सुद्धा.

```
ffprobe -v error -show_entries format=duration -of default=nw=1:nk=1 kandil.mp4
```

संगीत तयार झालं की जोडायला:

```
ffmpeg -i kandil.mp4 -i sangeet.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac -shortest out.mp4
```

चित्राला हात लागत नाही, दर्जा आहे तसा राहतो.

रेवती_सातारा

रात्री बसून मोजलं.

व्हिडिओ ९४.० निघाला. तबल्याआधी नुसती पेटी ६ सेकंद. मग ७ आवर्तनं, एकूण २९.४ सेकंद, म्हणजे एक सरासरी ४.२ सेकंदांचं. तिहाई सातव्या आवर्तनात आहे. शेवटच्या समेनंतर सूर साडेतीन सेकंद टिकतो. एकूण ३८.९.

मंजिरी

छान मोजलंस. आता बघ.

सम ८७ व्या सेकंदाला हवी. त्यातून सुरुवातीची ६ सेकंदं वजा केली की ८१ उरतात. ८१ भागिले ४.२ म्हणजे १९ आवर्तनं आणि वर थोडं. १९ आवर्तनांचे ७९.८ सेकंद होतात. म्हणजे तुला फक्त १.२ सेकंद कमी पडतायत.

तुझ्याकडे ७ आहेत. सातव्यात तिहाई, ते एकदाच आणि शेवटी. उरली ६. ती सहा तीनदा वाजवली की १८, त्यात तिहाईचं एक मिळवलं की १९. इतकं सुबक सहसा जमत नाही, नशीबवान आहेस. सुरुवातीची नुसती पेटीही एकदाच येते, पहिल्यांदा.

विक्रांत७८

आणि ते १.२ सेकंद `Change Tempo` ने भरा! ७९.८ चे ८१ करायचे, म्हणजे लय दीड टक्का उतरवायची. दीड टक्का कुणाच्या बापाला कळत नाही.

मंजिरी

@विक्रांत, दीड टक्का लय कळणार नाही, मान्य. पण ताणताना ते सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून एकमेकांवर चढवतं. पेटीच्या लांब सुराला ते चालतं. तबल्याच्या चाटेवरचा ठोका मात्र किंचित पसरतो, कधी दुहेरी वाटतो. ताणायचंच असेल तर उत्तम दर्जाच्या पर्यायावर खूण करूनच ताणावं.

माझा कल वेगळा आहे. संगीत १.२ सेकंद उशिरा सुरू करायचं. व्हिडिओच्या सुरुवातीला काय आहे रेवती?

रेवती_सातारा

बाबा बांबू तासतायत. कोयत्याचा आवाज आहे.

मंजिरी

मग तर काहीच ताणू नकोस. कोयत्याचा एक घाव ऐकू येऊ दे, मग पेटी. शेवटही बघ: सम ८७ वर, सूर ९०.५ पर्यंत. उरलेले साडेतीन सेकंद मुलांचा आवाज राहू दे.

आणि म्हणूनच @टर्मिनलभाऊ, तुमची दुसरी आज्ञा इथे नको. एक तर `-map 1:a` मुळे व्हिडिओतला मूळ आवाज पूर्ण जाईल, कोयता आणि मुलं दोन्ही. दुसरं म्हणजे संगीत ९०.५ ला संपतंय, तर `-shortest` चित्रसुद्धा तिथेच तोडेल.

टर्मिनलभाऊ

बरोबर. मूळ आवाज ठेवायचाय हे माझ्या लक्षात आलं नाही. नुसतं संगीत हवं असेल तर `-shortest` काढून टाका, मग चित्र पूर्ण राहतं. दोन्ही आवाज हवे असतील तर केडेनलाइव्हमध्ये दोन पट्ट्यांवर ठेवणं सोपं पडेल.

पांथस्थ

मग हे कापणं-जोडणंही केडेनलाइव्हमध्येच का नाही? मी तिथेच सगळं करतो. दोन दोन सॉफ्टवेअरं कशाला?

मंजिरी

कारण तिथे कात्री चौकटीवरच चालते. सेकंदाला २५ चौकटी असतील तर एक चौकट ४० मिलिसेकंदांची. तुझी सम दोन चौकटींच्या मध्ये पडली की कापणं वीस मिलिसेकंदांपर्यंत अलीकडे-पलीकडे होतं. रेवतीच्या धुनेत एक मात्रा अर्ध्या सेकंदाहून जराशी मोठी आहे. तिथे वीसची चूक एकदा खपेल, पण ठोका अर्धवट कापला गेला तर लगेच कळतं. जोड ऑडॅसिटीत करायचा, एक अखंड फाइल काढायची आणि व्हिडिओत फक्त जागेवर ठेवायची.

फाइल `WAV` काढ, एमपी३ नको. एमपी३ बनताना सुरुवातीला थोडी शांतता चिकटते, साधारण पंचवीस मिलिसेकंद. पूर्ण गाण्याला फरक पडत नाही. पण लूपचे तुकडे एमपी३ मध्ये काढून जोडलेस तर प्रत्येक जोडाला ती फट येईल.

विक्रांत७८

अरे! माझ्या लूपमध्ये नेहमी उचकी लागायची ती ह्यामुळे. मी `Z` दाबून दाबून थकलो होतो.

तबलजी

जोड नेमका समेवर कापायचा की समेच्या अलीकडे? मला वाटतं समेवर. ताल तिथूनच सुरू होतो.

मंजिरी

@तबलजी काका, ऐकू समेवर यावा, पण कापायचा समेच्या केसभर अलीकडे. पाच-दहा मिलिसेकंद. म्हणजे 'धा'चा ठोका पूर्ण नव्या तुकड्यात येतो, आणि ठोक्याच्या जोरात जोड झाकला जातो.

आता डग्ग्याची आस. सहाव्या आवर्तनाचा शेवट कापला की मागची घुमार तुटते. त्यासाठी तुकडे एकाच पट्टीवर शेजारी चिकटवायच्या ऐवजी दोन पट्ट्यांवर ठेव. आधीचा तुकडा समेच्या किंचित पुढपर्यंत येऊ दे, साधारण ३०-४० मिलिसेकंद, आणि तेवढाच एकमेकांवर आलेला भाग निवडून `Crossfade Tracks` दे. यापेक्षा लांब केलंस तर दोन 'धा' एकावर एक ऐकू येतील.

तबलजी

पटलं. अजून एक. हाताने वाजवलेली लय कधी सारखी नसते. पहिलं आवर्तन आणि सहावं आवर्तन वेगवेगळं मोजलंस का? आम्ही सगळेच पुढे जरा चढतो. सहाव्यानंतर पुन्हा पहिलं आलं की लय मागे ओढल्यासारखी वाटेल.

रेवती_सातारा

मोजलं काका. पहिलं ४.२४, सहावं ४.१६.

तबलजी

म्हणजे दोन टक्के. शेजारच्या काकांना माझा नमस्कार सांग, हात सांभाळून आहे. एवढं चालेल. मी असतो तर मात्र पहिलं आवर्तन फक्त पहिल्याच खेपेला घेतलं असतं.

अबोली

पण काका, मग आवर्तनांचा हिशेब बिघडेल ना? अठराची सोळा होतील. आणि धून मध्येच दुसऱ्या ओळीपासून कशी सुरू होणार?

तबलजी

हो, तेही खरं. मी तबल्याच्या बाजूने बोललो, पेटीचं विसरलो.

विक्रांत७८

एक सुचवू का? १.२ सेकंद भरायला सुरुवातीची नुसती पेटीच ताणा. तिथे तबला नाही, म्हणजे ठोका पसरायचा प्रश्नच नाही.

मंजिरी

विचार चांगला आहे, पण ६ चे ७.२ म्हणजे वीस टक्के. इतकं ताणलं की पेटीचा सूर पाण्यात वाजल्यासारखा थरथरतो.

रेवती_सातारा

झालं! तीन संध्याकाळी लागल्या. कोयता, मग पेटी, आणि कंदील पेटतो तिथे बरोब्बर सम. आईला दाखवलं. ती म्हणाली, "मी एवढं कधी वाजवलं?" जोड तिला सापडले नाहीत, आणि पेटीच्या बाबतीत तिचे कान फार तिखट आहेत.

पण एक राहिलंच. चौथ्या आवर्तनात आईच्या बांगड्या पेटीच्या कडेला लागतात आणि किणकिण होते. एकदा ऐकताना ती इतकी गोड वाटते. पण लूपमुळे ती तीनदा येते, तिन्ही वेळा त्याच सुरावर, अगदी सारखी. आता मला दुसरं काही ऐकूच येत नाही.

मंजिरी

लूप पकडला जातो तो असाच. खोकला, खुर्चीची करकर, लांबून जाणारी एसटी. सूर परत आला तर तो धुनेचा भाग वाटतो, किणकिण परत आली की तुकडा चिकटवल्याचं कळतं.

तुझ्या धुनेत पहिली ओळ दोनदा येते का? म्हणजे पहिलं-दुसरं आवर्तन आणि तिसरं-चौथं यांचे सूर सारखे आहेत का?

रेवती_सातारा

हो, तीच ओळ दोनदा. पाचवं-सहावं वेगळं आहे.

मंजिरी

मग ज्या खेपांना किणकिण नको, तिथे चौथ्याच्या जागी दुसरं आवर्तन घाल. सूर तेच, बांगड्या नाहीत. तबल्यातही थोडा फरक पडेल, तोही कानाला बरा वाटेल. दुसऱ्याची लांबी चौथ्याइतकीच नसेल, दोन-तीन शतांश सेकंद इकडेतिकडे. दोन खेपांना मिळून शेवटची सम तेवढी हलेल. ती पुन्हा ८७ वर आणायला सगळं संगीत तेवढंच पुढे-मागे सरकव. सुरुवातीला कोयत्याची मोकळी जागा आहे ना, तिथे कुणाला कळणार नाही.

अबोली

पण किणकिण ठेवायची कुठल्या खेपेला?

तबलजी

पहिल्या. ऐकणाऱ्याला सुरुवातीलाच कळू दे की कुणीतरी बसून वाजवतंय.

मंजिरी

मी शेवटची म्हणेन. पहिल्या खेपेला कान धुनेकडे असतात. तिसऱ्या खेपेला धून ओळखीची झालेली असते, तेव्हा नवीन काहीतरी ऐकू आलं की लूप जाणवतच नाही.

रेवती_सातारा

दोन्ही करून बघितलं. दोन फाइली आहेत, `kandil_pahili.wav` आणि `kandil_tisri.wav`. बाबांना पहिली आवडली, मला तिसरी. आई म्हणते, बांगड्या काढूनच टाक, सुरात नाहीत त्या. ते मात्र मी करणार नाही. वसुबारसेला सगळ्या वाड्याला दाखवायचंय, तोपर्यंत ठरवते.

विक्रांत७८

तिसरी. आणि दाखवण्याआधी ज्या स्पीकरवर लावणार आहात त्यावर एकदा वाजवून बघा. ब्लूटूथचा असेल तर आवाज मागे पडतो आणि सम कंदिलाच्या नंतर येईल. तारेने जोडा.

रेवती_सातारा

@विक्रांत, ब्लूटूथचाच आहे. तार आजच आणते.